दिवसातून की आठवड्यातून?

मेथोट्रेक्सेटच्या गोळ्यांच्या माहितीपत्रकाचं तिसरं प्रूफ माझ्यासमोर होतं. आधीच्या दोन प्रूफांत ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, विरामचिन्हं सगळं पाहून झालं होतं. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘मजकूर मंजूर झालेला आहे, फक्त शुद्धलेखन पाहावं.’ आणि ‘औषध कसे घ्यावे’ या मथळ्याखाली हा मजकूर होता:

‘या गोळ्या आठ दिवसांतून एकदा जेवणानंतर घ्याव्यात. डोस चुकल्यास दोन दिवसांच्या आत घ्यावा. तोंडात फोड, ताप व घसा दुखत असल्यास डॉक्टरांना कळवावे.’

तीन वाक्यं. शुद्धलेखनाची एकही चूक नाही. व्याकरणाच्या मास्तरांनी पूर्ण गुण द्यावेत असा मजकूर. पण या तिन्ही वाक्यांचे प्रत्येकी किमान दोन अर्थ होतात, आणि त्यांतला एकेक अर्थ रुग्णाला अडचणीत आणू शकतो. औषधाच्या पत्रकाचं मुद्रितशोधन म्हणजे शुद्धलेखन तपासणं, ही समजूतच चुकीची आहे असं माझं ठाम मत आहे. वाक्य शुद्ध आहे की नाही हा इथला दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न हा, की ते वाचून माणूस नेमकी किती गोळी, कोणत्या वेळी तोंडात टाकेल.

हे औषध मी मुद्दाम उदाहरणाला घेतलं आहे. ऱ्हुमॅटॉइड संधिवात आणि सोरायसिस या आजारांसाठी मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या आठवड्यातून एकदाच घ्यायच्या असतात. शरीरातल्या पेशींना वाढायला जे फोलेट लागतं, त्याचं काम हे औषध अडवतं. त्यामुळे ज्या पेशी भराभर तयार होतात त्यांना त्याचा फटका आधी बसतो: अस्थिमज्जेतल्या रक्तपेशी, तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर. आठवड्यातून एकदा घेतलं तर मधल्या दिवसांत या पेशी सावरतात. तीच गोळी रोज घेतली तर त्यांना सावरायला वेळच मिळत नाही. काही दिवसांत तोंड येतं, पांढऱ्या पेशी घटतात, साधा संसर्गही आवरत नाही, आणि अशा चुकीनं माणसं दगावलेली आहेत. युरोपियन मेडिसिन्स एजन्सीनं २०१९ मध्ये याच एका चुकीसाठी, म्हणजे आठवड्याचं औषध रोज घेतलं जाण्यासाठी, वेगळे उपाय सुचवले. वेष्टनावर ठळक इशारा आणि रुग्णाजवळ ठेवायचं कार्ड हे त्यांतलेच. औषध तेच, मात्रा तीच, गोंधळ फक्त ‘किती दिवसांनी’ या दोन शब्दांचा.

आता आपल्या पहिल्या वाक्याकडे येऊ. मराठीत ‘आठ दिवस’ म्हणजे आठवडा. ‘आठ दिवसांनी येतो’ म्हणणारा माणूस सोमवारी गेला तर पुढच्या सोमवारी येतो, मंगळवारी नाही. ‘पंधरा दिवसांनी’ म्हणजे दोन आठवडे, पंधरावा दिवस नव्हे. बोलताना आपलं यात कधी अडत नाही. पण औषधाचं पत्रक हातात घेतलेला माणूस बोलण्याच्या सवयीनं वाचत नाही, तो हिशेबानं वाचतो. मी हे वाक्य शेजारच्या काकूंना वाचायला दिलं आणि विचारलं, ‘‘काकू, आज सोमवार. आज गोळी घेतली, तर पुढची कधी?’’

‘‘पुढच्या सोमवारी. आठ दिवस म्हणजे आठवडाच ना?’’

त्यांचा कॉलेजात जाणारा नातू तिथंच बसला होता. तो म्हणाला, ‘‘आजी, आठ लिहिलंय तर आठच मोजायचे. मंगळवारी.’’

दोघंही आपापल्या जागी बरोबर. आठवड्यातून एकदाच्या डोसला एक दिवस उशीर झाला तर मोठं काही बिघडत नाही, हे मान्य. पण नातवाच्या पद्धतीनं मोजलं की गोळीचा वार दर वेळी एकेक दिवस पुढं सरकतो, आणि सरकता वार कुणाच्या लक्षात राहत नाही. ‘कालच घ्यायची होती का आज?’ हा प्रश्न पडला की माणूस अंदाजानं गोळी घेतो, कधी दोनदा घेतो. ठरलेला वार हीच या औषधाची खरी राखण आहे. आणि तिसराही वाचक असतो. घाईत असलेला, चष्मा सापडत नसलेला. त्याच्या डोळ्यांना ‘आठ दिवस’ आणि ‘एकदा’ एवढेच शब्द दिसतात आणि तो अर्थ लावतो: आठ दिवस, रोज एकदा. आपल्या वाचनात आलेल्या बहुतेक औषधांच्या सूचना अशाच तर असतात, पाच दिवस रोज दोनदा, सात दिवस रोज एकदा. सवय वाक्यावर कुरघोडी करते.

म्हणून मी समासात लिहिलं: ‘आठवड्यातून फक्त एका दिवशी. वार लिहिण्यासाठी मोकळी जागा ठेवावी. पुढच्या वाक्यात: ही गोळी रोज घेऊ नये.’ यावर कुणी म्हणेल, ‘आठवड्यातून एका दिवशी’ म्हटलं की ‘रोज नाही’ हे आलंच. तर्कानं आलं, पण वाचणाऱ्याच्या मनात आधीपासून ‘रोज’ बसलेलं आहे, ते नावानिशी खोडावं लागतं. आणि वार अक्षरी पूर्ण लिहावा. ‘सो.’, ‘मं.’, ‘गु.’ अशी आद्याक्षरं हाताच्या अक्षरात सहज एकमेकांसारखी दिसतात.

यानंतर मी एक काम केलं, जे अशा पत्रकात प्रत्येक मुद्रितशोधकानं करायला हवं. संगणकावरच्या प्रतीत ‘दिवसातून’ हा शब्द शोधला. आठवड्याच्या औषधाच्या पत्रकात तो एकदाही यायला नको. तो एकदा सापडला, शेवटच्या पानावर, ‘थोडक्यात’ नावाच्या चौकटीत: ‘दिवसातून एकदा, भरपूर पाण्यासोबत.’ जुन्या कुठल्या तरी औषधाच्या पत्रकाचा साचा उचलून नवा मजकूर त्यात भरला होता, चौकट भरायची राहिली होती. ओळ न् ओळ वाचताना ही चूक माझ्याही नजरेतून दोन वेळा सुटली होती. ‘दिवसातून एकदा’ हे शब्द इतके ओळखीचे आहेत, की डोळा तिथं थांबतच नाही. ज्या शब्दांवर डोळा थांबत नाही ते शब्द वाचून पकडता येत नाहीत, ते शोधून काढावे लागतात. तेव्हापासून मी पत्रकातला मात्रेचा प्रत्येक उल्लेख वेगळ्या कागदावर उतरवून घेतो. वेष्टनावर काय आहे, ‘कसे घ्यावे’मध्ये काय आहे, ‘डोस चुकल्यास’मध्ये काय, चौकटीत काय. चारही ओळी एकाखाली एक आल्या की विसंगती लगेच दिसते.

दुसरं वाक्य: ‘डोस चुकल्यास दोन दिवसांच्या आत घ्यावा.’ कशापासून दोन दिवस? डोस ठरला होता त्या दिवसापासून, की आठवला त्या दिवसापासून? आणि दोन दिवसांनंतर आठवला तर काय, याचं उत्तरच नाही. मेथोट्रेक्सेटबद्दल सर्वसाधारण सूचना अशी असते: ठरलेल्या दिवसानंतर दोन दिवसांच्या आत आठवलं तर डोस घ्यावा, त्याहून उशीर झाला तर तो सोडून द्यावा आणि पुढचा डोस नेहमीच्या वारी घ्यावा, दोन डोस एकत्र घेऊ नयेत. हे नियमाच्या भाषेत सांगितलं की लांबलचक होतं आणि तरी धूसर राहतं. वारांच्या भाषेत सांगितलं की स्वच्छ होतं: ‘समजा तुमचा वार सोमवार आहे. मंगळवारी किंवा बुधवारी आठवलं तर गोळ्या घ्या. गुरुवारी किंवा त्यानंतर आठवलं तर घेऊ नका. दोन्ही वेळा पुढचा डोस येत्या सोमवारीच.’ उदाहरण देणं म्हणजे पत्रकाचा दर्जा उतरवणं असं काहींना वाटतं. मला वाटतं, जिथं मोजणी आहे तिथं उदाहरण हीच सूचना.

तिसऱ्या वाक्यातला ‘व’ मला सगळ्यात जास्त टोचला. ‘तोंडात फोड, ताप व घसा दुखत असल्यास डॉक्टरांना कळवावे.’ लिहिणाऱ्याच्या मनात ‘यांपैकी काहीही’ असणार. पण ‘व’ बेरीज करतो. शब्दशः वाचणारा माणूस म्हणेल, मला फोड आलेत, ताप नाही, घसाही ठीक आहे, म्हणजे अजून कळवायची वेळ आलेली नाही. आणि वर सांगितलं तसं, तोंड येणं हीच तर आधी दिसणारी खूण असू शकते. तिथं थांबलेला रुग्ण ताप येईपर्यंत थांबेल. मराठीत ‘व’ आणि ‘वा’ यांत फक्त एका कान्याचं अंतर आहे आणि अर्थात जमीन-अस्मानाचं. बारीक टाइपात, पातळ कागदावर तो काना उमटला नाही तरी कुणाला कळणार नाही, कारण दोन्ही शब्द शुद्धच आहेत. म्हणून इशाऱ्याच्या वाक्यात मी ‘वा’सुद्धा ठेवत नाही. ‘यांपैकी कोणतंही एक लक्षण दिसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला’ आणि खाली एकेका ओळीत एकेक लक्षण. ‘कळवावे’ हाही ढिला शब्द आहे. कधी कळवावं? पुढच्या तपासणीला गेल्यावर? पत्रकातल्या इशाऱ्यात वेळ नसेल तर तो इशारा अर्धाच.

आकड्यांबद्दल थोडं सांगितलंच पाहिजे. देवनागरी १ हा इंग्रजी नवासारखा दिसतो आणि देवनागरी ४ हा इंग्रजी आठासारखा. एकाच पत्रकात दोन्ही लिपींतले आकडे मिसळले की वाचणाऱ्याला दर वेळी लिपी ओळखून मग आकडा वाचावा लागतो, आणि गोळीच्या पाकिटावर बहुधा इंग्रजीच आकडे असतात. माझा उपाय साधा आहे: मात्रेचा आकडा एकाच लिपीत, आणि लगेच शेजारी अक्षरांत. ‘३ (तीन) गोळ्या’. दशांशचिन्ह हा आणखी एक फसवा ठिपका आहे. मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या २.५ मिलिग्रॅमच्या आणि १० मिलिग्रॅमच्याही मिळतात. ठिपका पुसट झाला तर २.५ चे २५ होतात. आणि पत्रकात नुसतं ‘तीन गोळ्या’ लिहिलं आणि हातात आल्या १० मिलिग्रॅमच्या, तर साडेसात मिलिग्रॅमऐवजी तीस मिलिग्रॅम पोटात जातात, चौपट. म्हणून गोळ्यांची संख्या, एका गोळीतलं मिलिग्रॅम आणि एकूण मिलिग्रॅम, तिन्ही एकाच वाक्यात हवेत, आणि शोधकानं तो गुणाकार करून पाहायला हवा. दोन-अडीच मिनिटांचं काम आहे. ‘मि.ग्रॅ.’ आणि ‘मा.ग्रॅ.’ अशी संक्षेपं तर मी पूर्ण शब्दांत लिहायला लावतो, कारण मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅममध्ये हजारपटीचा फरक आहे. संगणकावरच्या काही जुन्या फाँटमध्ये मायक्रोचं ग्रीक चिन्ह हे प्रत्यक्षात इंग्रजी ‘एम’च्या कळीवर बसवलेलं असतं. परिच्छेदाचा फाँट बदलला की चिन्हाचा ‘एम’ होतो आणि मायक्रोग्रॅमचा मिलिग्रॅम. मजकुराला कुणी हात लावलेला नसतो, फक्त फाँट बदललेला असतो. म्हणून मजकूर मंजूर असला तरी शेवटचं छापील पान मंजूर मजकुराशी आकडा न् आकडा ताडून पाहावं लागतं.

माझ्या या शेऱ्यांवर जे उत्तर येतं ते ठरलेलं असतं: मजकूर तज्ज्ञांनी मंजूर केला आहे, शोधकानं अर्थात हात घालू नये. यामागची भीती मला समजते आणि ती खरी आहे. शोधकानं आपल्या मनानं ‘सुधारलेलं’ वाक्य एखाद्या वेळी नवी चूक घेऊन येतं, आणि औषधाचं ज्ञान माझं नाही, डॉक्टरांचं आणि औषधनिर्मात्यांचं आहे. म्हणूनच मी दुरुस्ती करू देण्याचा हट्ट धरत नाही. माझी मागणी प्रश्न विचारण्याच्या अधिकाराची आहे, आणि तो प्रश्न उत्तराशिवाय बंद होऊ नये याची. ‘व म्हणजे तिन्ही की कोणतंही एक?’ याचं उत्तर देणाऱ्यानं ‘कोणतंही एक’ असं लिहून सही केली पाहिजे. एकदा असं लिहिलं की वाक्य बदलणं त्यालाच टाळता येत नाही. तज्ज्ञाला आपल्या वाक्यातला दुसरा अर्थ दिसत नाही, कारण त्याला योग्य अर्थ आधीपासून माहीत असतो. माहीत नसलेला माणूस त्या टेबलावर हवा, आणि छापण्याआधी तो माणूस बहुधा शोधकच असतो.

दुसरं उत्तर येतं: डॉक्टर आणि औषधविक्रेता समजावून सांगतातच, पत्रक कोण वाचतं? पण आठवलं नाही म्हणूनच तर माणूस घडी घातलेला तो कागद उलगडतो. डोस चुकलाय, रात्र झालीय, फोन लागत नाहीय. पत्रक वाचलं जातं ते नेमकं अशा वेळी, आणि तेव्हा त्याच्याजवळ विचारायला दुसरं कुणी नसतं.

मुद्रितशोधकाच्या नजरेलाही मर्यादा आहे, हे मी मान्य करतो. काही चुका फक्त वापरणाऱ्याच्या हातात दिसतात. अमेरिकेत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३९५ रुग्णांना औषधांच्या बाटल्यांवरच्या सूचना वाचायला दिल्या होत्या. त्यातली एक सूचना ‘दोन गोळ्या दिवसातून दोनदा’ अशी होती. ज्यांचं वाचन कच्चं होतं त्यांच्यापैकी सुमारे ७१ टक्के लोकांनी ती बरोबर वाचून सांगितली. पण दिवसभरात किती गोळ्या घ्याल त्या मोजून दाखवा म्हटल्यावर बरोबर चार गोळ्या दाखवणारे सुमारे ३५ टक्केच निघाले. वाचता येणं आणि करता येणं यांत एवढी मोठी दरी. मराठीत तर ‘दिवसातून दोनदा दोन गोळ्या’ या वाक्यातच ‘प्रत्येक वेळी दोन’ की ‘मिळून दोन’ हा प्रश्न उरतो. ‘सकाळी दोन, रात्री दोन’ असं लिहिलं की तो मिटतो.

युरोपीय संघात २००४ च्या कायदादुरुस्तीनं पत्रकाचा मसुदा रुग्णांसारख्या लोकांसमोर ठेवून तपासणं बंधनकारक केलं. तिथं रूढ झालेली पद्धत फार मोठी नाही. दहा-दहा माणसांच्या दोन फेऱ्या. विचारायचं हे नाही की ‘समजलं का?’, त्याला सगळे ‘हो’ म्हणतात. विचारायचं असं: ‘तुमचा वार सोमवार आहे आणि आज बुधवार आहे. परवाची गोळी राहिली. काय कराल?’ माणसाला ती जागा पत्रकात सापडते का ते आधी पाहायचं, मग सापडलेल्या मजकुरावरून उत्तर बरोबर येतं का ते. दहांपैकी नऊ जणांना जागा सापडावी आणि सापडलेल्यांपैकी दहांत नऊ जणांना ती नीट कळावी, असा निकष असतो. चुकणाऱ्यांची चूक नोंदवून वाक्य बदलायचं आणि नव्या दहा जणांना विचारायचं. प्रत्येक भाषेतल्या पत्रकासाठी हे स्वतंत्र केलं पाहिजे असं माझं म्हणणं आहे. मूळ इंग्रजी पत्रक तपासून झालं म्हणून मराठी पत्रक तपासलं गेलं असं होत नाही. ‘आठ दिवसां’ची अडचण इंग्रजीत नाहीच, ती मराठीत शिरताना तयार झाली. स्पॅनिशमध्ये तर इंग्रजी ‘वन्स’ म्हणजे ‘एकदा’ हा शब्द न भाषांतरता तसाच राहिला, तर त्याच अक्षरांचा अर्थ होतो ‘अकरा’.

खर्चाची आणि वेळेची तक्रार मी ऐकली आहे. वीस माणसं, एक बैठक, दोन दिवस. त्या पत्रकाच्या मांडणीत रंग आणि चिन्ह कुठं बसवायचं यावर याहून जास्त दिवस गेलेले मी पाहिले आहेत.

त्या मेथोट्रेक्सेटच्या पत्रकात ‘दिवसातून एकदा’ची चौकट दुरुस्त झाली, त्याच संध्याकाळी. ‘आठ दिवसां’चं ‘आठवड्यातून फक्त एका दिवशी’ झालं आणि वारासाठी मोकळी रेघही आली. चुकलेल्या डोसचं उदाहरण जागा नाही म्हणून गाळलं. ‘व’ तसाच राहिला, मंजूर मजकूर म्हणून. पत्रक छापून झालं आहे. पुढच्या छपाईची तारीख मी विचारून ठेवली आहे आणि तोच प्रश्न पुन्हा लिहून पाठवला आहे: तिन्ही लक्षणं, की कोणतंही एक? कृपया उत्तर लिहून सही करावी.